नकार वेळेवर पोचवावा

आमगावकडच्या एका पदवीधर मुलाची गोष्ट घेऊ. त्याने तालुक्यातल्या एका खाजगी शाळेत लिपिकाची नेमणूक स्वीकारली. दोनच दिवसांनी गोंदियाच्या एका भातगिरणीच्या मालकांचा निरोप आला, "पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून हिशेबाला या." मुलाखत मामांच्या एका स्नेह्याने घडवून आणली होती. मुलगा म्हणाला, "गेलोच नाही म्हणजे त्यांना कळेलच की!"

घोटाळा होतो तो इथेच. दिवाळीच्या सुमारास गिरणीत नवे धान येऊ लागते. मग काट्यावर नोंद, पोत्यांचा हिशेब, भरडाईचे कागद, सगळे एकदम अंगावर पडते. मालकांच्या यादीत दुसरा उमेदवार असतोच. पण एक तारखेपर्यंत तो दुसरीकडे लागलेला असतो. तेव्हा मालकांना राग येतो तो नकाराचा नव्हे, उशिराचा.

म्हणून निरोप आला त्याच दिवशी, काटा थांबल्यावर, मुलाने स्वतः फोन केला. लगेच मामांच्या स्नेह्यांना सांगितले. ही बातमी त्यांना बाजारात कळणे बरे नव्हे. मग चार ओळी लिहून पाठवल्या :

"आपण मला कामासाठी निवडले याबद्दल मी आभारी आहे. परंतु आपला निरोप येण्यापूर्वीच मी एका शाळेतील नेमणूक स्वीकारली आहे, म्हणून आपल्याकडे रुजू होऊ शकत नाही. आपल्याला दुसऱ्या उमेदवाराला बोलावता यावे म्हणून आजच कळवीत आहे."

यात "स्वीकारली आहे" हे शब्द महत्त्वाचे. "अजून विचार चालू आहे" असे लिहाल, तर मालक पगार वाढवून देतील, आणि मग काय सांगाल? घासाघीस करायची तर शाळेला होकार देण्याआधी. आईच्या आजारपणाचे निमित्तही सांगू नका. गोंदियाच्या बाजारात कोण कोणाला भेटेल याचा नेम नाही! शाळा कोणती असे विचारले तर नाव सांगावे. पगाराचा आकडा सांगण्याचे कारण नाही.

हे सारे मालकांना होकार दिला नव्हता म्हणून चालले. होकार दिला असता तर फोन पुरला नसता. गिरणीत जाऊन माफी मागावी लागली असती आणि उचल घेतली असल्यास परत करावी लागली असती. शाळेत रुजू झाल्यावर मात्र वेगळा हिशेब. खाजगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे नोकरी सोडताना अस्थायी कर्मचाऱ्याने एक महिन्याची आणि स्थायीने तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यायची असते.

फोनवर मालक क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं झालं, आजच सांगितलंत. टॅली येणारा तुमच्या ओळखीत कोणी आहे का?" मुलाच्या डोळ्यांसमोर एक वर्गमित्र होता. पण त्याने लगेच नाव दिले नाही. "त्याला विचारून उद्या सकाळी कळवतो," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या आत कळवले.