पासवर्ड मेलमध्ये का नाही, ते मेलमध्येच सांगा

मिठाईच्या दुकानाची वेबसाइट तयार झाली, आता लॉगिन मालकांकडे सोपवायचे. सर्रास एकाच मेलमध्ये पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड जातो. वाटेत कुणी तो मेल वाचेल, ही भीती आज कमी आहे. मोठ्या मेलसेवा आपसांतली देवाणघेवाण कूटबद्ध करतात. खरा धोका नंतरचा. तो मेल दोघांच्याही खात्यात वर्षानुवर्षे पडून राहतो, ‘जरा बघ रे’ म्हणून पुतण्याकडे फॉरवर्ड होतो. पुढे त्यातले एखादे खाते परक्याच्या हाती लागले, तर शोधायला `password` हा एक शब्द पुरतो.

पुष्कळदा पासवर्ड पाठवायची गरजच नसते. वर्डप्रेसमध्ये मालकांच्या ईमेलवर नवा युजर तयार केला की त्यांना लिंक जाते आणि पासवर्ड ते स्वतःच ठरवतात. फक्त मजकूर बदलायचा असेल तर `Editor` एवढा अधिकार पुरे.

होस्टिंगचे लॉगिन मात्र अनेकदा एकच असते. तिथे बिटवॉर्डनच्या ‘सेंड’सारखी सोय वापरावी. पासवर्डची एक लिंक तयार होते. ती किती दिवसांनी नष्ट व्हावी, किती वेळा उघडावी हे आपण ठरवतो आणि तिला वेगळा परवलीचा शब्दही लावता येतो. पण अनोळखी लिंक पाहून मालक बिचकणार, आणि त्यांनी बिचकावेच. म्हणून मेलमध्येच खुलासा हवा:

“नमस्कार काका, होस्टिंगचा पासवर्ड या मेलमध्ये मुद्दाम लिहिलेला नाही, कारण मेल कायम राहतो. खालची लिंक तीन दिवसांत बंद होईल. ती उघडण्याचा शब्द मी आज संध्याकाळी फोनवर सांगेन. माझा नंबर तुमच्याकडे आहेच. दुसऱ्या नंबरवरून फोन आला तर काही सांगू नका. या मेलच्या उत्तरात पासवर्ड लिहू नका. आत गेल्यावर लगेच पासवर्ड बदला.”

परवलीचा शब्द त्याच मेलमध्ये किंवा पाठोपाठच्या मेलमध्ये लिहिला, तर सगळा खटाटोप वाया. मेल उघडणाऱ्याला दोन्ही मिळतात.

‘एकदाच उघडेल’ अशी लिंक कधी मालकांच्या आधीच संपलेली निघते. काही सेवांमध्ये मेलची सुरक्षा तपासणी लिंक आधी उघडून पाहते, त्यामुळे असे होऊ शकते. पण तपासणीने उघडली की माणसाने, हे बाहेरून कळत नाही. अशा वेळी तोच पासवर्ड पुन्हा पाठवू नये. आधी बदलावा, मग नवी लिंक द्यावी.

ग्राहकांची यादी किंवा हिशेबाची फाइल पाठवतानाही हीच रीत. फक्त पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये आतल्या फाइलींची नावे उघडीच दिसतात, त्यामुळे नावात ग्राहकाचे नाव किंवा पॅन लिहू नये. सेव्हन-झिपमध्ये `7z` प्रकार निवडून `Encrypt file names` वर खूण केली की नावेही झाकली जातात.