विनिपेगला जाताना कोट कसा निवडावा

थंडीचा कोट घ्यायचा म्हटलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो ब्रँडचा. खरं तर आधी शहर विचारायला हवं. डब्लिनला किंवा हॅम्बर्गला जाणाऱ्या मुलाची थंडी शून्याच्या आसपासची असते, पण तिच्यासोबत रिमझिम पाऊस आणि ओला वारा असतो. कॅनडातल्या विनिपेगमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान उणे 16 अंशांच्या जवळपास असतं आणि रात्री ते उणे 20 च्याही खाली जातं. हवा मात्र कोरडी. तिथला बर्फ बाहीवर पडून वितळत नाही, झटकला की खाली पडतो. या दोन शहरांसाठी एकच कोट घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

याचं कारण कोटाच्या आतल्या भरणात आहे. ऊब कापडातून येत नाही. भरणात अडकून राहिलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. हंसाच्या किंवा बदकाच्या छातीवरची बारीक, देठ नसलेली मऊ पिसं, म्हणजे डाऊन, हे काम सगळ्यांत कमी वजनात करतात. पण डाऊन भिजलं की त्याचे गोळे होतात, फुगवटा जातो आणि त्यासोबत ऊबही. प्रायमालॉफ्ट किंवा थिन्सुलेटसारखे कृत्रिम धागे तेवढ्याच उबेसाठी वजनाला जास्त भरतात, पण दमट झाले तरी बरीच ऊब धरून ठेवतात आणि लवकर वाळतात. म्हणून डब्लिनसाठी कृत्रिम भरणाचं जाकीट आणि त्यावर पाणी न शिरणारा कोट, तर विनिपेगसाठी डाऊनचा लांब पार्का.

समजा, नाशिकची एक मुलगी विनिपेगला शिकायला निघाली आहे. वर्गात, घरात, बसमध्ये हीटर असतो. तिची खरी परीक्षा बसथांब्यावर होते. तापमान उणे 25 आणि वाऱ्याचा वेग ताशी 30 किलोमीटर असेल, तर विंड चिलचा आकडा उणे 39 येतो. अशा वाऱ्यात उघडी राहिलेली त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. चालणाऱ्या माणसाचं शरीर उष्णता तयार करत असतं, थांब्यावर उभ्या असलेल्याचं फारसं नाही. तेव्हा कोट निवडायचा तो त्या निश्चल उभ्या राहण्याच्या दहा-पंधरा मिनिटांचा विचार करून. तो मांड्या झाकणारा हवा, टोपी खोल आणि कपाळापर्यंत येणारी हवी, चेनवर वारा अडवणारी पट्टी हवी आणि मनगटाशी घट्ट विणीची आतली बाही हवी. मनगटातून आत शिरणारा वारा चांगला महागडा कोटसुद्धा निकामी करतो.

आता लेबल वाचू. डाऊनच्या कोटावर बहुतेक वेळा ‘फिल पॉवर’ म्हणून 550, 650, 800 असा आकडा ठळक छापलेला असतो. एक औंस डाऊन किती घन इंच जागा व्यापतं, ते हा आकडा सांगतो. म्हणजे हा दर्जा झाला, कोटात डाऊन किती आहे ते यावरून कळत नाही. ते वजन वेगळं शोधावं लागतं आणि पुष्कळदा ते फक्त उत्पादनाच्या तपशिलात ग्रॅममध्ये दिलेलं असतं. समजा, एका जाकिटात 800 दर्जाचं 90 ग्रॅम डाऊन आहे आणि दुसऱ्या पार्क्यात 600 दर्जाचं 280 ग्रॅम. दोन्हींचा गुणाकार करा: पहिल्याचा 72,000, दुसऱ्याचा 1,68,000. पार्क्यात दुपटीहून जास्त फुगवटा आहे, तरी दुकानात 800 चा आकडाच डोळ्यांत भरतो. वजनाचा आकडा कुठेच मिळत नसेल तर मी तो कोट विनिपेगसाठी घेऊ देणार नाही.

दुकानात आणखी एक पाहणी हातानेच करता येते. कोट प्रकाशासमोर धरून शिवणीकडे बघा. पातळ जाकिटांत वरचं आणि आतलं कापड आरपार शिवलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक शिवणीवर भरण जवळजवळ शून्य होतं आणि तिथून गारवा आत येतो. युनिक्लोचं अल्ट्रा लाइट डाऊन अशाच घडणीचं आहे. पार्क्याच्या आत घालायला ते उत्तम, उणे 25 मध्ये एकटं अपुरं. मग कोट मुठीत दाबून सोडा. तो लगेच फुलून यायला हवा. बोटांना टोचणारे देठ लागत असतील तर डाऊनमध्ये साधी पिसं जास्त मिसळलेली आहेत.

ब्रँड इथून पुढे येतो. टोरांटोची कॅनडा गूज ही कंपनी आपल्या कोटांना उबेची 1 ते 5 अशी श्रेणी देते. विनिपेगसाठी वरच्या श्रेणी कामाच्या, पण असे पार्के हजार डॉलरच्या पुढे जातात आणि विद्यार्थ्याला एवढा खर्च करण्याची गरज नाही. नॉर्थ फेसचा मॅकमर्डो पार्का डाऊनचा, वरून पाणी न शिरणाऱ्या कापडाचा आहे आणि या कामाला पुरतो. कोलंबियाच्या कोटांत आतून चंदेरी ठिपक्यांचं अस्तर असतं. ते शरीराची उष्णता परतवतं, पण भरणाची जागा घेऊ शकत नाही, म्हणून ठिपक्यांवर भुलून पातळ कोट घेऊ नये. डिकॅथलॉन स्वस्त पडतं. कोटांवर छापलेले तापमानाचे आकडे मात्र कंपनीगणिक वेगळ्या हिशेबाचे असतात. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

आपल्याकडच्या शाकाहारी घरांत पिसांचा कोट नको वाटणं मी समजू शकतो. अशांनी जाड कृत्रिम भरणाचा पार्का घ्यावा आणि आत फ्लीस वाढवावी. ओझं थोडं वाढेल, पण थंडीचं काम भागतं.

थर्मलच्या बाबतीत सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. आई-बाबा सगळ्यांत जाड जोड घेऊन देतात. पण वर्गात हीटरमुळे एकवीस-बावीस अंश असतात आणि थर्मल तिथे उतरवता येत नाही. मुलगी घामेजते, तशीच बाहेर पडते आणि तो घाम थांब्यावर गार पडतो. म्हणून अंगालगतचा थर पातळ ठेवा आणि ऊब काढता-घालता येणाऱ्या थरांत ठेवा: थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, त्यावर पार्का. आपल्या बाजारात मिळणारे बरेचसे थर्मल सुती किंवा सुती मिश्रणाचे असतात. सूत घाम धरून ठेवतं, त्यामुळे पाकिटावरचं मिश्रण वाचूनच घ्या. पॉलिएस्टरचे घाम लवकर सोडतात आणि स्वस्त असतात. मेरिनो लोकर महाग, पण दमट झाली तरी उबदार राहते आणि चार-पाच दिवस घातली तरी वास धरत नाही. वसतिगृहात कपडे धुवायला पैसे मोजावे लागतात, तेव्हा हा गुण फार उपयोगी पडतो. 150 ते 200 ग्रॅम जाडीची मेरिनो रोजच्या वापराला योग्य. युनिक्लोचे साधे हीटटेक घराबाहेरच्या छोट्या फेऱ्यांना चालतात. पायांना मात्र थर्मल हवाच, कारण कोट गुडघ्याच्या वरच संपतो आणि जीन्स वारा अडवत नाही.

थर्मल आणि फ्लीस इथूनच न्यावेत. हिवाळ्यात आपल्या शहरांत बसणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडचा लोकरी स्वेटरही मधल्या थराला छान. पार्का तिथे जाऊन घ्यावा. तो बॅगेत जागा खातो, आणि ऑगस्टच्या अखेरीस पोचणाऱ्याच्या हाताशी सप्टेंबर-ऑक्टोबर असतात. नोव्हेंबर अखेरच्या सेलची वाट पाहू नये, तोवर विनिपेगमध्ये बर्फ पडून गेलेला असतो. दुकानात जाताना थर्मल आणि फ्लीस घालूनच जा. वरून पार्का चढवून चेन लावा, हात पुढे करून सायकलचं हँडल धरल्यासारखे वाका. पाठीवर ताण आला तर एक माप मोठं घ्या, कारण आवळलेलं भरण फुलत नाही. मग पाठीवर भरलेली सॅक अडकवूनही बघा. सॅकच्या पट्ट्यांखाली खांद्यावरचं डाऊन दबतं आणि थंडी आधी तिथेच जाणवते, म्हणून खांद्याशी भरण पातळ असलेला कोट बाजूला ठेवा.