उधारीचे बिल कीर्दीत कसे उतरते

उधारीच्या विक्रीत माल आज जातो आणि पैसे पुढे कधीतरी येतात. तरीही हिशेबाच्या दृष्टीने विक्री पूर्ण होते ती पैसे आल्यावर नव्हे, तर माल देऊन बिल केल्यावरच. त्याच दिवशी तीन गोष्टी एकदम घडतात. ग्राहकाकडून रक्कम येणे होते, व्यापाऱ्याचे उत्पन्न तयार होते आणि सरकारला कर देणे लागते. रोजकीर्दीतील नोंद या तिन्ही गोष्टी एकाच वेळी टिपते.

कोल्हापुरातील एका कारखानदाराने साताऱ्याच्या दुकानदाराला दहा लोखंडी कपाटे विकली, असे धरू. यादीतील किंमत प्रत्येकी १०,००० रुपये, व्यापारी सूट १० टक्के, गाडीभाडे २,००० रुपये आणि मुदत ४५ दिवसांची. बिलाची तारीख १८ एप्रिल. जीएसटीचा दर १८ टक्के. विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघेही महाराष्ट्रातले असल्याने हा कर केंद्र आणि राज्य यांच्यात ९-९ टक्के असा विभागला जातो.

आधी आकडेमोड. यादीप्रमाणे किंमत एक लाख, सूट वजा जाता ९०,०००. व्यापारी सूट बिलातच वजा होते, तिचे वेगळे खाते उघडत नाहीत आणि एक लाखाचा आकडा वहीत येतच नाही. गाडीभाडे विक्रेत्यानेच बिलात लावलेले असल्याने तेही करपात्र मूल्यात धरावे लागते. म्हणजे करपात्र मूल्य ९२,०००, त्यावर केंद्राचा कर ८,२८०, राज्याचा ८,२८० आणि बिलाची एकूण रक्कम १,०८,५६० रुपये. नोंद अशी होते:

साताऱ्याच्या दुकानदाराचे खाते … नावे १,०८,५६०
  विक्री खात्याला … ९०,०००
  गाडीभाडे वसुली खात्याला … २,०००
  आउटपुट सीजीएसटी खात्याला … ८,२८०
  आउटपुट एसजीएसटी खात्याला … ८,२८०
(१० कपाटे ४५ दिवसांच्या उधारीवर विकली.)

दुकानदाराच्या खात्यावर कराची रक्कमही नावे पडते, कारण बिलाची सगळी रक्कम त्यानेच द्यायची आहे. विक्री खात्यावर मात्र कर चढत नाही. १६,५६० रुपये व्यापाऱ्याच्या हातून जाणार असले तरी ते त्याची कमाई नव्हेत. ताळेबंदात ते देणे म्हणूनच दिसले पाहिजेत. हाच माल बेळगावला, म्हणजे परराज्यात गेला असता, तर कराच्या दोन ओळींच्या जागी ‘आउटपुट आयजीएसटी’ची एकच ओळ आली असती, रक्कम तीच, १६,५६०. उधारीच्या विक्रीसाठी वेगळे विक्री पुस्तक ठेवणाऱ्या दुकानात ही नोंद तिथे होते आणि तिथून खतावणी केली जाते. परिणाम तोच.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही नोंद विक्री व्हाउचरमधून आपोआप होते. त्यामुळे चूक होते ती आकड्यात कमी आणि खाती उघडताना जास्त. टॅलीत कराचे खाते ‘Duties & Taxes’ या गटात हवे. ते चुकून उत्पन्नाच्या गटात गेले तर प्रत्येक बिलाबरोबर कर नफ्यात मिसळत राहतो. व्हाउचर जुळलेलेच असते, तेरीजही जुळते, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. ती पकडण्याची खात्रीची जागा एकच: महिन्याच्या शेवटी आउटपुट कराच्या खात्यांची बेरीज GSTR-1 विवरणपत्रातील कराशी आणि विक्रीची रक्कम त्यातील करपात्र मूल्याशी ताडून पाहणे. विक्रीचा आकडा करपात्र मूल्यापेक्षा मोठा निघाला तर कुठेतरी कर विक्रीत जमा झालेला असण्याची दाट शक्यता असते.

पुढे २५ एप्रिलला एक कपाट पोचा पडलेले निघाले म्हणून परत आले. इथे मूळ बिल खोडून नवे करायचे नसते. विक्रेता त्या बिलाचा क्रमांक नमूद करून क्रेडिट नोट देतो, आणि जी खाती पूर्वी जमा झाली होती ती आता तेवढ्यापुरती नावे होतात. एका कपाटाचे ९,००० आणि त्यावरचा प्रत्येकी ८१० कर:

विक्री परत खाते … नावे ९,०००
आउटपुट सीजीएसटी खाते … नावे ८१०
आउटपुट एसजीएसटी खाते … नावे ८१०
  साताऱ्याच्या दुकानदाराच्या खात्याला … १०,६२०

फक्त ९,००० रुपये परत दाखवून कर तसाच ठेवणे ही नेहमी दिसणारी चूक. तसे केले तर विक्रेत्याच्या वहीत दुकानदाराकडून १,६२० रुपये जास्त येणे दिसते, आणि बाकी कळवण्याचे पत्र गेल्यावर त्याच रकमेवरून वाद सुरू होतो. योग्य बाकी ९७,९४० रुपये.

आता कर भरण्याची पाळी. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला एप्रिलचा कर साधारणपणे २० मेपर्यंत भरावा लागतो. दुकानदाराची मुदत मात्र २ जूनला संपते. मालाच्या विक्रीवरील कर बिलाच्या तारखेला लागू होतो, वसुलीच्या नव्हे. म्हणून पैसे हाती नसतानाही कर भरणे चुकत नाही, आणि उधारीवर धंदा करणाऱ्याला भांडवलाची ओढाताण जाणवते ती इथेच. महिन्यात दुसरी विक्री नसेल आणि पत्र्याच्या खरेदीवर केंद्र व राज्याचा प्रत्येकी ५,००० रुपये कर दिलेला असेल, तर तो वजा करता येतो. परतीनंतर उरलेल्या प्रत्येकी ७,४७० मधून ५,००० गेले की दोन्हींचे २,४७० उरतात:

आउटपुट सीजीएसटी खाते … नावे ७,४७०
आउटपुट एसजीएसटी खाते … नावे ७,४७०
  इनपुट सीजीएसटी खात्याला … ५,०००
  इनपुट एसजीएसटी खात्याला … ५,०००
  बँक खात्याला … ४,९४०

केंद्राच्या कराची वजावट राज्याच्या कराविरुद्ध घेता येत नाही, राज्याची केंद्राविरुद्धही नाही. म्हणूनच दोन्ही खाती सुरुवातीपासून वेगळी ठेवावी लागतात.

दुकानदाराने मुदतीत पैसे दिले तर नोंद सोपी आहे: बँक खाते नावे, दुकानदाराच्या खात्याला ९७,९४०. या वेळी कराचे खाते हलत नाही, विक्रीचेही नाही. लवकर पैसे दिल्याबद्दल आधी न ठरलेली हजार रुपयांची रोख सूट दिली, तर बँक ९६,९४० आणि दिलेली सूट १,००० नावे होतात, दुकानदाराचे खाते पूर्ण फिटते आणि भरलेला कर तसाच राहतो. विक्रीनंतरच्या सुटीमुळे कर कमी करून घ्यायचा असेल, तर ती सूट विक्रीच्या आधी किंवा विक्रीच्या वेळी करारात ठरलेली आणि त्या बिलाशी जोडलेली असावी लागते, शिवाय खरेदीदारानेही तेवढी वजावट परत करावी लागते.

दुकानदाराने ६०,००० रुपये दिले आणि नंतर दुकानच बंद झाले, तर उरलेले ३७,९४० रुपये बुडीत कर्ज खाते नावे करून त्याच्या खात्याला जमा करावे लागतात. या रकमेत सरकारला आधीच भरलेला करही आहे. वसुली झाली नाही म्हणून तो परत मिळण्याची सोय जीएसटी कायद्यात नाही, कारण इथे माल परत आलेला नाही आणि बिलाची किंमतही कमी झालेली नाही. त्यामुळे विक्री खात्यावर किंवा कराच्या खात्यावर उलटी नोंद न करता, बुडालेल्या कराचा भागही बुडीत कर्ज म्हणून नफा-तोटा खात्यातच जातो.