एका पॉइंटची किंमत

संध्याकाळची वेळ, डेअरीच्या ओट्यावर किटल्यांची रांग. आक्कांनी सहा लिटर दूध घातलं, टेस्टरने नमुना मशीनला लावला आणि पावती फाडून हातात दिली. फॅट ४.३, एसएनएफ ८.२, दर ३२ रुपये ४० पैसे. आक्का तिथंच थांबल्या. "दादा, सकाळी एसएनएफ आठ-तीन लागलं होतं. गाय तीच, पेंड तीच, मग आता आठ-दोन कसं?" मागं रांग वाढत होती. मी तेव्हा त्या संस्थेचा नवखा सचिव होतो. "मशीन दाखवतं तेच लिहितो आक्का," म्हणून त्यांना वाटेला लावलं. रात्री वही घेऊन बसलो तेव्हा कळलं की मशीनने ८.२ दाखवलंच नव्हतं. त्याने दाखवलं होतं ८.२६. पुढचा आकडा आमच्याकडं कापला जात होता.

त्या रात्री मांडलेला हिशोबच इथं मांडतो. दूध घालणाऱ्या कुणालाही तो घरी करता येतो.

दुधात पाणी सोडून जे काही असतं त्याचे दर ठरवताना दोन भाग करतात. एक फॅट, म्हणजे स्निग्धांश. दुसरा एसएनएफ, म्हणजे फॅट वगळून उरणारे प्रथिनं, दुग्धशर्करा, क्षार वगैरे घन पदार्थ. आपल्याकडं गायीच्या दुधाचा दर बहुतेक ठिकाणी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला बांधलेला असतो, म्हशीचा ६ आणि ९ ला. टक्क्याच्या दहाव्या हिश्शाला पॉइंट म्हणतात. प्रमाणापेक्षा वर गेलं की दरपत्रकाप्रमाणं पॉइंटमागं काही पैसे वाढतात, खाली आलं की कापले जातात. या कापाकापीलाच शेतकरी 'रिव्हर्स' म्हणतात.

उदाहरणासाठी ३.५/८.५ ला ३३ रुपये दर धरू. फॅटचा एक पॉइंट वर-खाली झाला तर ३० पैसे. एसएनएफचा पॉइंट वर गेला तर ३० पैसे, खाली आला तर मात्र पूर्ण एक रुपया. हे आकडे संघागणिक आणि हंगामागणिक बदलतात, पण वाढीपेक्षा कपात मोठी ही ठेवण अनेक दरपत्रकांत सापडते.

आक्कांच्या गायीचं सकाळचं दूध १२ लिटर, फॅट ३.४. संध्याकाळचं ६ लिटर, फॅट ४.३. यात गैर काही नाही. रात्रीचं अंतर मोठं असल्यानं सकाळी दूध जास्त आणि पातळ येतं, संध्याकाळी कमी आणि दाट. एकाच धारेतही पहिलं दूध पातळ असतं आणि शेवटच्या धारांत सगळ्यात जास्त फॅट असते. शेवटचं दूध वासराला सोडलं की फॅट वासराच्या पोटात जाते. मग ती पावतीवर कशी दिसणार?

एसएनएफ काढायची जुनी रीत लॅक्टोमीटरची. त्यावरच्या आकड्याला गावात डिग्री म्हणतात. तापमानाची दुरुस्ती करून मिळालेल्या डिग्रीला ४ ने भागायचं, त्यात फॅटची ०.२१ पट मिळवायची आणि वर ०.३६ घालायचे. सकाळच्या दुधाची डिग्री २९. म्हणजे ७.२५ अधिक ०.७१ अधिक ०.३६, बेरीज ८.३२. संध्याकाळची डिग्री २८, फॅट ४.३. म्हणजे ७ अधिक ०.९० अधिक ०.३६, बेरीज ८.२६. संध्याकाळी डिग्री कमी का, तर फॅट पाण्याहून हलकी असते, ती वाढली की लॅक्टोमीटर खाली बुडतो. सूत्रात फॅट मिळवतात ती ही उणीव भरून काढायला.

हे सूत्र एकच नाही. काही ठिकाणी फॅटची ०.२५ पट घेऊन ०.४४ मिळवतात. तसं केलं तर सकाळचं तेच दूध ८.५४ भरतं, म्हणजे थेट दोन पॉइंट वर. लबाडी यात असेलच असं नाही, कारण लॅक्टोमीटर वेगवेगळ्या तापमानाला बेतलेले असतात आणि त्या-त्या लॅक्टोमीटरला त्याचंच सूत्र लागतं. घोटाळा होतो तो एकाचं सूत्र दुसऱ्याच्या डिग्रीला लावल्यावर. आता संस्थांत मशीन आली आहेत, पण मशीनसुद्धा जुळवून घ्यावं लागतं. शंका आली तर तोच नमुना दोन वेळा लावून पाहावा आणि फॅटसाठी ॲसिड घालून, नळी फिरवून करतात ती गर्बर चाचणी मागावी.

आता दर. सकाळी फॅट एक पॉइंट कमी, ३० पैसे गेले. एसएनएफ दोन पॉइंट कमी, दोन रुपये गेले. दर राहिला ३० रुपये ७० पैसे. संध्याकाळी फॅट आठ पॉइंट जास्त, २ रुपये ४० पैसे आले. एसएनएफ ८.२६ चं ८.३ धरलं तर दोन रुपये जातात आणि दर पडतो ३३ रुपये ४० पैसे. आम्ही ८.२ धरलं म्हणून तीन रुपये गेले. फरक लिटरमागं एक रुपयाचा. सहा लिटरचे सहा रुपये, दहा दिवसांच्या बिलात ६० आणि महिन्याला १८०.

आकडा कापताना सरासरी अर्धा पॉइंट जातो, कधी कमी कधी जास्त. फॅटचा अर्धा पॉइंट १५ पैशांचा आणि एसएनएफचा, दूध ८.५ च्या खाली असेल तर, ५० पैशांचा. लिटरमागं ६५ पैसे. आमचं संकलन रोज ४०० लिटरच्या आसपास. म्हणजे दिवसाला २६० रुपये आणि वर्षाला ९५ हजारांच्या घरात. ते कुणाच्या खिशात गेले नव्हते. संस्थेच्या नफ्यात दिसत होते आणि दिवाळीला 'फरक' म्हणून वाटले जात होते. पण फरक लिटरवर वाटतात. ज्याचं दूध ८.६० भरतं त्याचा कापायला आकडाच नसतो आणि ज्याचं ८.२९ भरतं त्याचा जवळजवळ पूर्ण पॉइंट जातो. दिवाळीला दोघांना सारखाच वाटा. मला हे पटलं नाही, आजही पटत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे, आणि ती दरपत्रकातच असते. समजा दोघांनी दहा-दहा लिटर दूध घातलं. दोघांची फॅट ३.५. एकाचं एसएनएफ ८.७, दुसऱ्याचं ८.३. पहिल्याला ३३ रुपये ६० पैसे दराने ३३६ रुपये, दुसऱ्याला ३१ च्या दराने ३१०. एकूण ६४६. दोघांचं दूध एका कॅनमध्ये ओतलं की ते बरोबर ८.५ चं होतं आणि त्याच दरपत्रकाने संघ २० लिटरचे ६६० रुपये देतो. १४ रुपये उरले. कुणी चोरी केली नाही, पाणी घातलं नाही. वर ३० पैसे आणि खाली एक रुपया, एवढ्यातूनच ते निघाले.

मग एसएनएफच्या पॉइंटची खरी किंमत काय? फॅटच्या किलोला जो भाव, त्याच्या दोन तृतीयांश भाव एसएनएफच्या किलोला धरायची एक जुनी रीत आहे. लिटरभर दूध साधारण १.०३ किलो भरतं. ३३ रुपयांचे त्या प्रमाणात भाग पाडले तर फॅटचा किलो सुमारे ३५० रुपयांना पडतो आणि एसएनएफचा सुमारे २३३ ला. त्या हिशोबाने फॅटचा पॉइंट ३६ पैशांचा आणि एसएनएफचा २४ पैशांचा. फॅटचे ३० पैसे जवळपास बरोबर आहेत. एसएनएफची एक रुपया कपात मात्र वस्तूच्या किमतीच्या चौपट आहे.

संघाची बाजूही ऐकली पाहिजे. पाणी घातलेलं दूध प्रथम एसएनएफमध्येच उघडं पडतं. ८.५ च्या दुधात शेकडा पाच भाग पाणी मिसळलं की ते ८.१ वर येतं. कमी एसएनएफचं दूध पिशवीत भरण्याजोगं करायला पावडर घालावी लागते, तिचा खर्च वेगळा. म्हणून दंड कडक ठेवतात. पण एसएनएफ फक्त पाण्याने कमी होत नाही. चारा-पेंड तोकडी पडली, उन्हाळा चढला किंवा सडाला दगडी झाली तरी ते घसरतं. गायीच्या दुधाला कायद्याने किमान ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ लागतं. आक्कांचं सकाळचं दूध त्यात बसतं. तरी त्याला लिटरमागं दोन रुपये दंड.

सचिवाची आणखी एक चूक मी स्वतः केली आहे. दहा दिवसांची सरासरी फॅट काढताना मी सकाळ-संध्याकाळची बेरीज करून दोनने भागायचो. ३.४ आणि ४.३, सरासरी ३.८५. खरी सरासरी लिटरने गुणून काढायची असते. १२ गुणिले ३.४ म्हणजे ४०.८, ६ गुणिले ४.३ म्हणजे २५.८. बेरीज ६६.६, भागिले १८ लिटर, उत्तर ३.७. माझ्या रीतीने आक्कांना पंचेचाळीस पैसे जास्त गेले असते आणि संघाच्या बिलाशी मेळ बसताना तो खड्डा सगळ्यांच्या फरकातून भरावा लागला असता. बिल वेळेवारी, म्हणजे प्रत्येक पावतीच्या दराने करावं हे उत्तम.

तसं केल्यावर आक्कांचं दहा दिवसांचं बिल असं होतं. सकाळचे १२० लिटर ३०.७० दराने ३,६८४ रुपये, संध्याकाळचे ६० लिटर ३३.४० ने २,००४. एकूण ५,६८८. महिन्यात एक ते दहा, अकरा ते वीस आणि एकवीस ते महिनाअखेर अशी तीन बिलं निघतात. तीस दिवसांच्या महिन्यात दूध तसंच राहिलं तर १७,०६४ रुपये. त्यातून पशुखाद्याच्या तीन पोत्यांचे, पोतं १,५५० धरून, ४,६५० कापले आणि गायीसाठी घेतलेल्या उचलीचा २,००० चा हप्ता कापला की खात्यावर १०,४१४ जमा. पोती तिसऱ्या बिलात एकदम कापली की घरी वाटतं या वेळी दुधालाच दर मिळाला नाही. म्हणून बिलावर दुधाची रक्कम आणि कपात वेगवेगळ्या ओळींत, पोत्याच्या तारखेसह हवी.

पुढच्या मासिक सभेत मी ८.२६ ची पावती आणि ९५ हजारांचा हिशोब संचालकांपुढं ठेवला. बराच वाद झाला. संघाची टेस्ट कमी आली तर काय, हा प्रश्न रास्त होता, म्हणून महिनाभर दोन्ही पद्धतींनी बिलं काढून पाहिली. आकडा न कापता जवळच्या पॉइंटला धरला तरी संघाकडून आलेल्या रकमेत सभासदांची बिलं भागत होती. ठराव झाला. एक रुपयाचं रिव्हर्स मात्र संघाच्या पत्रकातलं, त्याला आम्ही हात लावू शकलो नाही.

ठराव झाल्यावर पहिल्या संध्याकाळी आक्कांच्या पावतीवर ८.३ आलं, दर ३३ रुपये ४० पैसे. त्यांनी ती दिव्याखाली धरून पाहिली, घडी घालून कनवटीला लावली आणि रिकामी किटली उचलली.