स्थूल व्यक्तीचा व्यायामारंभ : अर्धशक्ती आणि नाडीची गणना

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा शास्त्राचा आदेश सर्वश्रुत आहे. अर्धशक्ती झाली हे ओळखण्याची लक्षणेही आपण सारे शिकलो आहोत. कपाळ, नाक, काखा व हातापायांचे सांधे यांच्या ठिकाणी घाम येणे, तोंडास कोरड पडणे आणि श्वास मुखावाटे येऊ लागणे, ही ती लक्षणे होत. मात्र अतिस्थूल रुग्णाच्या बाबतीत यांतील घामाचे लक्षण फसवे ठरते. चरकाचार्यांनी अतिस्थूलाचे जे आठ दोष सांगितले आहेत, त्यांत स्वेदाबाध हा एक आहे. ज्याला बसल्या जागी घाम फुटतो, त्याच्या कपाळावरील घामावरून श्रमाचे माप कसे घ्यावे? उलट वातानुकूलित व्यायामशाळेत घाम वाळून जातो आणि रुग्ण मर्यादा केव्हा ओलांडतो ते कळत नाही. म्हणून अशा रुग्णासाठी आम्ही घामाऐवजी नाडीच्या गतीची गणना आणि तिच्या जोडीला श्वासाचे लक्षण, असे दोन साक्षीदार घेतो.

येथे नाडीपरीक्षा अभिप्रेत नाही, केवळ एका मिनिटातील ठोके अभिप्रेत आहेत. व्यायामशाळांच्या भिंतींवर लावलेल्या तक्त्यांत २२० मधून वय वजा करून कमाल गती काढतात आणि तिच्या ५० ते ८५ टक्क्यांत व्यायाम करावयास सांगतात. हे सूत्र १९७० च्या सुमारास रूढ झाले. तो एक ढोबळ अंदाज आहे. समान वयाच्या दोन निरोगी व्यक्तींच्या प्रत्यक्ष कमाल गतीत २० ठोक्यांचे अंतर सहज असू शकते. या तक्त्याचा दुसरा दोष असा की, रुग्णाची विश्रांतीतील नाडी त्यात मुळीच विचारात घेतलेली नसते. फिनलंडचे संशोधक कार्वोनेन यांनी १९५७ साली मांडलेल्या पद्धतीने हा दोष दूर होतो. कमाल गतीतून विश्रांतीतील गती वजा केली असता जी उरते, तिला आपण राखीव गती म्हणू. तिचा ठरावीक हिस्सा विश्रांतीतील गतीत मिळवावयाचा, एवढीच ती रीत आहे.

एक उदाहरण घेऊ. वय ४६, वजन १०४ किलो, बैठा व्यवसाय. छातीत दुखणे, भोवळ, पायांवर सूज यांपैकी काही नाही. रक्तदाब व हृदयालेख तपासलेले असून नाडीवर परिणाम करणारे औषध चालू नाही. अशा रुग्णास आम्ही तीन दिवस सकाळी, चहा व तंबाखूच्या आधी, अंथरुणातच पूर्ण एक मिनिट नाडी मोजावयास सांगतो. ती ८२, ८६ व ८४ भरली, म्हणजे सरासरी ८४. अंदाजे कमाल गती २२० वजा ४६, म्हणजे १७४. राखीव गती १७४ वजा ८४, म्हणजे ९०. आरंभी या राखीव गतीचा ३० ते ४० टक्के हिस्साच वापरावा. ३० टक्के म्हणजे २७ आणि ४० टक्के म्हणजे ३६. ते ८४ मध्ये मिळवले असता १११ ते १२० हा त्याचा पहिला पट्टा ठरतो.

आता भिंतीवरील तक्ता याच रुग्णास लावून पाहू. १७४ चे ५० टक्के म्हणजे ८७. विश्रांतीपेक्षा केवळ तीन ठोके अधिक, म्हणजे जवळजवळ काहीच श्रम नाहीत. वरची मर्यादा १४८ येते. ती राखीव गतीच्या ७० टक्क्यांहून थोडी अधिक, म्हणजे नवशिक्यास न झेपणारी आहे. एकाच पट्ट्यात विश्रांती आणि तीव्र श्रम दोन्ही सामावले, तर तो पट्टा मार्गदर्शक कसा व्हावा?

पट्टा ठरल्यावर चालून पाहावे. हा रुग्ण सपाट रस्त्यावर नेहमीच्या चालीने पाच मिनिटे चालला. थांबताक्षणी पंधरा सेकंदांत २९ ठोके भरले, म्हणजे मिनिटाला ११६. झपाट्याने चालल्यावर ३४ ठोके भरले, म्हणजे १३६, आणि बोलताना वाक्य मध्येच तुटू लागले. तेव्हा त्याचे पहिले ध्येय त्याच्याच आकड्यांनी ठरवून दिले : नेहमीची चाल, दहा मिनिटे, दिवसातून दोन वेळा, आठवड्यातून पाच दिवस. किती किलो उतरावे याचा उल्लेख या ध्येयात नाही.

मोजणीत होणाऱ्या चुका लक्षात ठेवाव्यात. थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते, म्हणून पाच सेकंदांच्या आत मोजणी सुरू व्हावी. पूर्ण मिनिटभर मोजल्यास गती खोटी कमी येते. स्थूल मनगटात नाडी सापडत नसेल तर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे हलकेच ठेवावीत. मानेवरील नाडी दाबू नये, दाबाने ती मंदावते व क्वचित भोवळही येते. बोटास लावण्याचे ऑक्सिमीटर स्थिर बसल्यावर उपयोगी पडते, चालताना त्याचा आकडा भरवशाचा नसतो. ठोके अनियमित लागत असतील तर ही गणना लागू करू नये, आधी हृदयालेख काढावा.

औषधविक्रेत्या बंधूंचे साहाय्य येथे मोलाचे आहे. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, प्रोप्रानोलोल, तसेच डिल्टियाझेम व व्हेरापामिल ही औषधे नाडी मंद ठेवतात. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाचे टिमोलोलही काही रुग्णांत असा परिणाम करते. अशा रुग्णाची नाडी पट्ट्यापर्यंत चढतच नाही आणि ती चढविण्याच्या नादात तो अतिश्रम करतो. औषधपत्रात ही नावे दिसल्यास चिकित्सकास कळवावे. आकड्यासाठी औषध मात्र कदापि बंद करू नये. अनेक वर्षांच्या मधुमेहात नाडीचे नियमन बिघडलेले असल्यास हीच अडचण येते. या सर्वांसाठी श्वासाचाच साक्षीदार धरावा : चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, श्वास मुखावाटे ओढावा लागू नये. इतरांतही नाडी आणि श्वास यांचे जुळले नाही, तर जो आधी थांबा म्हणेल त्याचे ऐकावे.

पुढे काय? त्याच रस्त्यावर, त्याच चालीने, तिसऱ्या आठवड्यात मोजणी २७ म्हणजे १०८ आली. नाडी पट्ट्याच्या खाली उतरली, म्हणजे तेवढेच काम आता कमी श्रमात होते. मग आधी वेळ पाच मिनिटांनी वाढवावी, चाल वाढवू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सलग तीस मिनिटे सुखाने जमू लागल्यावरच वरची मर्यादा राखीव गतीच्या ५० टक्क्यांवर, म्हणजे या रुग्णात १२९ वर न्यावी. स्थौल्यचिकित्सेत व्यायाम क्रमाक्रमाने वाढवावा असे चरकाचार्य सांगतात. तो क्रम आता रुग्णाच्या वहीत आकड्यांनी दिसू लागतो.

सकाळची नाडी नेहमीपेक्षा दहा ठोके अधिक भरली, तर त्या दिवशी चालू नये. ज्वर, जागरण वा आदल्या दिवसाचा अतिश्रम यांचा शोध घ्यावा. विश्रांतीतील नाडी सतत १०० च्या वर असल्यास व्यायाम सुरूच करू नये, आधी पांडू व थायरॉइड यांची तपासणी करावी. चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अंधारी येणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास, पट्ट्यातील आकडा कितीही योग्य असला तरी, तत्काळ थांबवून रुग्णास हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.