कमिशनचे टप्पे : ठरावातली राहून गेलेली एक ओळ

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला, पापड, शेवया यांचं काम जोरात असतं. माल तयार होतो, पण जयसिंगपूर, कुरुंदवाड, नृसिंहवाडीच्या दुकानांत तो फिरून खपवायचा कोणी? मग गट एखाद्या ताईला कमिशनवर ठेवतो आणि जास्त विक्रीला जास्त टक्के, असे टप्पे ठरतात. हिशोब बिनसतो तो इथंच. एक उदाहरण घेऊन बघू.

समजा महिन्याचं टार्गेट ५०,००० रुपये आहे. ठराव असा झाला : टार्गेटच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४०,००० पर्यंत, ४ टक्के कमिशन. तिथून टार्गेट पूर्ण होईपर्यंत ६ टक्के. टार्गेटच्या वर ८ टक्के. महिनाअखेर ताईंनी ५१,००० चा माल विकला. आता त्यांना किती द्यायचे?

ताई म्हणतात, "मी टार्गेट ओलांडलं, तर सगळ्या विक्रीवर ८ टक्के द्या." म्हणजे ४,०८० रुपये. गटाच्या सचिव वीजबिलासारखा हिशोब लावतात. बिलात पहिल्या १०० युनिटला एक दर असतो आणि पुढच्या युनिटला वाढीव. दर वाढला म्हणून पहिली १०० युनिटं महाग होत नाहीत. तसं पहिल्या ४०,००० वर १,६०० रुपये, पुढच्या १०,००० वर ६०० आणि शेवटच्या १,००० वर ८०, असे एकूण २,२८० रुपये. फरक १,८०० रुपयांचा! आणि ठराव वाचला तर दोघींचंही बरोबर, कारण वाढीव दर सगळ्या विक्रीला की फक्त वरच्या भागाला, ही ओळच त्यात नाही.

सगळ्या विक्रीला वरचा दर दिला तर काय होतं बघा. ४९,००० विक्रीला ६ टक्क्यांनी २,९४० रुपये होतात, ५१,००० ला ४,०८०. म्हणजे शेवटच्या २,००० रुपयांच्या मालासाठी गटाने १,१४० रुपये जादा मोजले. मिरची, डंकाची कुटणावळ, पॅकिंग वजा जाता शंभरामागं वीस रुपये सुटतात असं धरलं, तर त्या मालातून गटाला मिळाले फक्त ४००. विक्री वाढली आणि गट ७४० रुपयांनी खाली आला. भागाभागाने हिशोब केला तर त्याच मालाला १४० रुपये जास्त जातात. ते गटाला झेपतं.

सगळ्या विक्रीच्या पद्धतीत आणखी एक गोम आहे. ४९,००० वर अडकलेल्या बाईला दोन हजारांसाठी अकराशे सोडवत नाहीत. मग ओळखीच्या दुकानात २९-३० तारखेला माल ठेवला जातो आणि पुढच्या महिन्यात तो परत येतो. ओळखायचं कसं? विक्रीची वही तारखेवार ठेवा. दर महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांतच विक्री उसळते आणि पुढच्या आठवड्यात परतीचा माल येतो, असं दिसलं तर समजावं. त्यातले ३,००० रुपयांचे पुडे परत आले, तर खरी विक्री ४८,००० आणि कमिशन २,८८०. दिलेल्या पैशात १,२०० जादा गेले. म्हणून कमिशन दुकानदाराचे पैसे जमा झाल्यावरच द्यावं आणि परतीचा माल ज्या महिन्यात विकला त्याच महिन्यातून वजा करावा.

पण ताईंची बाजूही बघायला हवी. टप्पे टार्गेटवर बेतलेले असतात, त्यामुळं टार्गेट चुकलं की मजुरीच चुकते. आपल्या शिरोळ तालुक्यात २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत महापुरानं रस्ते बंद झाले. अशा दिवसांत ५०,००० चं टार्गेट ठेवणं म्हणजे बाईला कायम खालच्याच टप्प्यात ठेवणं. जुलैत ३०,००० विक्री झाली तर ५०,००० च्या टार्गेटवर तिला १,२०० मिळतील. पावसाळ्याचं टार्गेट ३०,००० धरलं, तर पहिल्या २४,००० वर ९६० आणि पुढच्या ६,००० वर ३६०, असे १,३२० मिळतील. उन्हाळा, पावसाळा आणि नृसिंहवाडीच्या दत्तजयंतीची गर्दी, यांचं टार्गेट मागच्या वर्षीच्या वहीवरून वेगवेगळं काढावं. एसटीचं भाडं मात्र कमिशनमध्ये धरू नये. ते वेगळं द्यावं.

पुढच्या बैठकीत ठरावात एवढं लिहून घ्या : "वाढीव दर फक्त त्या टप्प्यातल्या विक्रीला लागू राहील. विक्री म्हणजे परतीचा माल वजा करून जमा झालेली रक्कम. टार्गेट हंगामानुसार राहील." खाली एका महिन्याचा हिशोब उदाहरण म्हणून मांडा आणि अध्यक्ष, सचिव व विक्री करणाऱ्या ताई अशा तिघींच्या सह्या घ्या. तुमच्यापैकी कोणी दुसऱ्या कंपनीचा माल कमिशनवर विकत असेल, तर तिनेही काम धरण्याआधी हाच प्रश्न विचारावा : वरचा दर सगळ्या विक्रीला, की वरच्या भागाला?