गिधाडांचा वाटा कोणाकडे गेला?

अन्नजाळ्याच्या आकृतीत बाण नेहमी खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जातो, कारण तो ऊर्जेचा प्रवास दाखवतो. गवतातली ऊर्जा गाईकडे येते, गाय मेली की ती गिधाडाकडे जाते. ढोबळ मानाने प्रत्येक टप्प्यावर दहावा हिस्साच पुढच्या शरीरात साठतो. बाकीची ऊर्जा जगण्यात खर्च होते आणि विष्ठेतून बाहेर पडते.

या आकृतीत गिधाडाकडून कोणत्याच मोठ्या प्राण्याकडे बाण जात नाही. मग गिधाडे संपली तर कोणाचे काय अडणार? अंदाज चुकतो तो इथेच. गिधाडाला कोण खाते यापेक्षा गिधाडाकडे येणारा बाण कुठून निघतो आणि त्याच जागेहून आणखी कोणाकडे बाण जातात, ते पाहायला हवे. मेलेल्या गाईपासून निघणारे बाण कुत्रे, कावळे, उंदीर, माश्या आणि जिवाणू यांच्याकडेही जातात. गिधाडांचा थवा तासाभरात सांगाडा मोकळा करत असे, म्हणून इतरांच्या वाट्याला फारसे काही उरत नसे. गिधाड काढून टाकले तरी मांसातली ऊर्जा नाहीशी होत नाही. ती या बाकीच्या बाणांवरून वाहू लागते.

भारतात हे प्रत्यक्ष घडले. १९९० च्या दशकापासून पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये उघड झाले: जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिल्यावर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते. शंभरात एकापेक्षा कमी मृत जनावरांत औषध असले तरी एवढी घट होऊ शकते, असे गणित सांगते. एकाच जनावरावर अख्खा थवा जेवतो आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते, हे लक्षात घेतले की याचे नवल वाटत नाही.

ताट मोकळे झाले तसे कुत्रे वाढले. २००८ मधील एका अभ्यासाने ही वाढ सुमारे ५५ लाख धरली आणि १९९२ ते २००६ या काळात कुत्रे चावून रेबीजने सुमारे ४७ हजार जादा मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. तो अंदाजच आहे. बाण कोण कोणाला खातो ते सांगतो, किती ते नाही. शिवाय शहरी कचऱ्यावरही कुत्रे पोसले जातात. मात्र वाढ कोणत्या बाजूला होणार, हे आकृतीवरून आधीच सांगता आले असते.

२००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरी माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांवरही निर्बंध आले. गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. पशुपालकाने जनावरासाठी औषध घेताना डॉक्टरांकडे त्याचीच मागणी करावी.